चमचाभर पावडर, साठ गमी

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. भर दुपारी समोरच्या वहिनींकडे कुरिअरवाला आला. पुण्याच्या लेकीनं आईसाठी खोकं पाठवलं होतं. वहिनींनी उघडलं, आणि हाक मारली, "अहो, जरा या तरी, हे काय आहे ते सांगा!" बरणीत लाल रंगाचा एकच मोठा गोळा. जेलीच्या साठ गोळ्या खानदेशातल्या उन्हात, कुरिअरच्या गाडीत वितळून एकमेकींना घट्ट बिलगल्या होत्या. बरणीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, क्रिएटिन, ५ ग्रॅम.

वहिनी बावन्न वर्षांच्या. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. जिना चढताना गुडघ्यापेक्षा मांड्याच दमतात, अशी त्यांची तक्रार. गावातल्या मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये एका मुलीनं बायकांसाठी वजनं उचलण्याचा वर्ग काढलाय, त्यात त्या आठवड्यातून तीनदा जातात. तिथंच हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं. मग लेकीला फोन, आणि लेकीचं उत्तर म्हणजे ही बरणी. वहिनींनी सुरीनं गोळा कापून रोज एक तुकडा खायला सुरुवात केली. नातू आला की "आजी, मला पण" म्हणून हात पुढं. चॉकलेटसारखंच दिसतं ना ते!

हे सांगायचं कारण असं, की गेल्या काही महिन्यांत या विषयावर मला सारखं विचारलं जातंय. पावडर घ्यावी, कॅप्सूल घ्यावी, की ही गमी? औषधाच्या दुकानात तिन्ही मिळतात, मोबाइलवर तर पन्नास ब्रँड. म्हणून यावेळी वहिनींच्याच घरातल्या तिन्ही बरण्या समोर ठेवून बोलू या.

आधी दोन शब्दांत, हे आहे काय. क्रिएटिन आपलं शरीर स्वतःच बनवतं, यकृतात आणि मूत्रपिंडात, दिवसाला साधारण ग्रॅमभर. ते स्नायूंत साठतं आणि जड काही उचलताना पटकन लागणारी शक्ती पुरवतं. मटण-मासे खाणाऱ्यांना जेवणातूनही थोडं मिळतं. आपण शाकाहारी असलो तर जेवणातून जवळजवळ काहीच नाही, म्हणून आपला साठाही कमी असतो. वरून घ्यायचं तर रोज ३ ते ५ ग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१६ साली पंचावन्न वर्षांपुढच्या माणसांबद्दल म्हटलं ते एवढंच, की रोज किमान ३ ग्रॅम क्रिएटिन आणि सोबत आठवड्यातून तीनदा वजनांचा व्यायाम केला तर स्नायूंची ताकद वाढायला मदत होते. 'सोबत' हा शब्द महत्त्वाचा. नुसतं खाऊन सोफ्यावर बसलं तर फारसं काही होत नाही. आणि ३ ग्रॅमचा रोजचा डोस असेल तर स्नायू भरायला तीन-चार आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यात फरक पडला असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं.

आता वहिनींची बरणी. पुढं मोठ्या अक्षरांत ५ ग्रॅम. मी चष्मा पुसून मागची बारीक अक्षरं वाचली. तिथं लिहिलं होतं, 'एक सर्व्हिंग म्हणजे ५ गमी'. म्हणजे एका गमीत एकच ग्रॅम. वहिनी रोज एक तुकडा खाऊन ५ ग्रॅम मिळाले समजत होत्या. प्रत्यक्षात, लेबल खरं धरलं तरी, त्यांना गरजेच्या एक तृतीयांशच मिळत होतं. आणि वितळलेल्या गोळ्यातून कापलेला तुकडा एका गमीएवढा होता की दीड गमीएवढा, हे कोण सांगणार?

हिशेब करून पाहिला. ६० गमींची बरणी १२०० रुपयांना. ३ ग्रॅमसाठी रोज तीन गमी लागतात, म्हणजे बरणी वीस दिवसांत रिकामी. रोजचे ६० रुपये. महिन्याचे अठराशे! वहिनी ब्लाउज शिवतात, एका साध्या ब्लाउजची शिलाई दीडशे रुपये घेतात. बारा ब्लाउज शिवायचे ते या गोळ्यांसाठी. लेकीला आईकडून पैसे घ्यायचे नव्हते, पण वहिनींना लेकीकडून घ्यायचे नव्हते, हेही तितकंच खरं.

मग आम्ही दोघी औषधाच्या दुकानात गेलो. कॅप्सूलची बाटली होती ९० नगांची, ७२० रुपयांना. एका कॅप्सूलमध्ये ७५० मिलिग्रॅम, म्हणजे पाऊण ग्रॅम. ३ ग्रॅमसाठी चार कॅप्सूल रोज. एक कॅप्सूल ८ रुपयांना पडते, तेव्हा रोजचे ३२ रुपये, महिन्याचे ९६०. शेजारीच पावडरचा डबा, २५० ग्रॅम, ७५० रुपये. ग्रॅमला ३ रुपये. रोजचे ९ रुपये, महिन्याचे २७०, आणि एक डबा ८३ दिवस पुरतो. तुमच्या गावात भाव थोडे वर-खाली असतील, पण हिशेबाची रीत हीच ठेवा. बरणीची किंमत पाहू नका, बरणीत एकूण किती ग्रॅम क्रिएटिन आहे ते काढा आणि किमतीला त्यानं भागा. आमच्या तीन बरण्यांत ग्रॅमचा भाव निघाला पावडरला ३, कॅप्सूलला साधारण १०-११, आणि गमीला २० रुपये. माल तिन्हीत एकच. क्रिएटिन मोनोहायड्रेट.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, पावडरचं माप चुकतं हो. गमी म्हणजे मोजून मिळते." हे ऐकायला पटतं. मलाही आधी तसंच वाटायचं. पण खरी गोष्ट नेमकी उलटी निघाली.

पावडरचं माप चुकतं हे खरंच. डब्यात एक प्लॅस्टिकचा छोटा चमचा असतो, बहुधा तळाशी गाडला गेलेला, सापडायलाच दोन मिनिटं जातात. त्यावर लिहिलेलं असतं ३ ग्रॅम. वहिनी साखर घेतात तसा शीग लावून घ्यायच्या. मी म्हटलं, चला, एकदा मोजूनच टाकू. स्वयंपाकघरातला काटा एक-एक ग्रॅमच्या हिशेबात दाखवतो, त्याच्यावर एक चमचा मोजून उपयोग नाही. आम्ही गेलो गल्लीतल्या सोनाराकडे. त्यानं हसत हसत काटा पुढं केला. कागद ठेवून आकडा शून्यावर आणला, आणि एक नाही, दहा चमचे मोजले. एकच मोजला तर हाताची चूक कळत नाही, दहा मोजून दहानं भागलं की खरा आकडा मिळतो. शीग लावून दहा चमचे झाले ४३ ग्रॅम, म्हणजे चमच्याला ४.३. सुरीच्या पाठीनं सपाट करून दहा चमचे झाले ३१ ग्रॅम, म्हणजे ३.१. घरचा चहाचा चमचा सपाट भरून पाहिला, तो ३.४ निघाला. तुमच्या घरचा वेगळा निघेल, चमचे कुठं एकसारखे असतात! पण एकदा मोजला की तो चमचा कायमचा आपला.

आता विचार करा, शीग लावल्यानं नुकसान काय झालं? ३ ऐवजी ४.३ ग्रॅम पोटात गेलं, तेही ३ ते ५ च्या आतच. डबा ८३ ऐवजी ५८ दिवसांत संपला असता, एवढंच. शिवाय क्रिएटिन ही काही साखरेची किंवा थायरॉइडची गोळी नव्हे, की रोज त्याच मापात हवी. स्नायूंतला साठा हळूहळू भरतो आणि हळूहळू उतरतो, म्हणून आज थोडं जास्त, उद्या थोडं कमी, परवा विसरलं, तरी महिन्याची सरासरी बरी असली की झालं. पावडरची चूक अशी डोळ्यांना दिसणारी, आणि सुरीच्या पाठीनं दुरुस्त होणारी आहे.

गमीची चूक मात्र आत दडलेली असते. अमेरिकेत २०२४ आणि २०२५ मध्ये बाजारातल्या क्रिएटिन गमी प्रयोगशाळेत तपासून पाहिल्या गेल्या. काही ब्रँड लेबलप्रमाणे निघाले, पण बरेच नापास झाले, आणि काहींमध्ये तर क्रिएटिन जवळजवळ नव्हतंच, नुसती गोड जेली. ते ब्रँड तिकडचे. आपल्याकडच्या प्रत्येक बरणीवर तोच आळ घेणं बरोबर नाही. पण असं का होतं ते समजून घेतलं, तर आपल्या बरणीकडे कसं पाहायचं ते कळतं.

कोरडं क्रिएटिन फार टिकाऊ. बंद डब्यात वर्ष-दोन वर्षं त्याला काही होत नाही. पण त्याला पाणी लागलं, आंबट लागलं आणि वर उष्णता मिळाली, की ते मोडतं आणि त्याचं क्रिएटिनिन होतं. हे क्रिएटिनिन स्नायूंच्या काही कामाचं नाही. आता गमी कशी बनते ते आठवा. जिलेटिन किंवा पेक्टिनचा पाक करायचा, तो गरम, त्यात पाणी, आणि फळाची चव यावी म्हणून सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूफूल. क्रिएटिनला नको असलेले तिघंही एकाच कढईत! त्यातून ते वाचलं तरी पुढं महिनोन् महिने ओलसर जेलीतच बसायचं. काळजीपूर्वक बनवणारे हे सांभाळतात, पण ते काम कठीण आणि खर्चाचं आहे. कॅप्सूलमध्ये हा प्रश्न येत नाही, आत कोरडी पावडरच असते.

आणखी एक साधी गोष्ट. क्रिएटिन पाण्यात फारसं विरघळत नाही, बारीक रेतीसारखं राहतं. तीन-साडेतीन ग्रॅमच्या गमीत एक-दीड ग्रॅम क्रिएटिन खरंच असेल, तर ती गमी थोडी धुरकट दिसायला हवी, दाताखाली किंचित कचकच यायला हवी. अगदी काचेसारखी पारदर्शक, मऊ, गुळगुळीत गमी दीड ग्रॅमचा दावा करत असेल तर माझ्या मनात तरी शंका येते. ही काही पक्की परीक्षा नाही. पक्की परीक्षा प्रयोगशाळेचीच. म्हणून गमीच घ्यायची असेल तर त्या बॅचचा, हो, त्याच बॅचचा, बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल कंपनीकडे मागा. कंपनीनं आपणहून तो द्यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. आपण दुधाला फॅट विचारतो, कापडाला पन्हा विचारतो, मग वीस रुपये ग्रॅमच्या गोष्टीला एवढं विचारायला काय हरकत?

साखर पण बघा. मधुमेह असलेल्या बाईनं गमीच्या मागचा साखरेचा आकडा वाचल्याशिवाय हात लावू नये. रोज तीन ते पाच गमी म्हणजे वर्षाकाठी हजाराच्या वर गोड गोळ्या होतात. आणि घरात लहान मूल असेल तर बरणी वरच्या फळीवर, कुलपात असली तर उत्तम.

कॅप्सूलबद्दल माझी तक्रार कमी आहे. मोजमाप चोख, चव नाही, सांडलवंड नाही. मुलीकडे चार दिवस जायचं, यात्रेला जायचं, तर डबीत सोळा कॅप्सूल टाकल्या की झालं. पण रोज चार, आणि ५ ग्रॅम घ्यायचं तर सात, मोठ्या कॅप्सूल गिळायच्या. ज्या बाईच्या डबीत आधीच बीपीची, थायरॉइडची, कॅल्शियमची गोळी आहे, तिला विचारा ते कसं वाटतं. वहिनी दोन दिवसांत कंटाळल्या. आणि एक बघून घ्या. कॅप्सूलचं कवच बऱ्याचदा जिलेटिनचं असतं, म्हणजे जनावराचं. गमीतही तेच असू शकतं. आतलं क्रिएटिन कारखान्यात रसायनांपासून बनतं, ते प्राणिज नसतं, पण कवच असू शकतं. शाकाहारी असाल तर पाकिटावरची हिरवी खूण शोधा. तिथंच एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांकही हवा. नुसता फोटो छान आहे म्हणून घेऊ नका.

पावडर घेण्यात कटकट एकच, ती विरघळत नाही. पहिल्या दिवशी वहिनींचा फोन, "तळाला खडूसारखं राहिलंय, भेसळ आहे वाटतं." भेसळ नाही हो! पेलाभर गार पाण्यात ३ ग्रॅम पूर्ण विरघळतच नाही. कोमट पाण्यात बरंच विरघळतं. तळाला राहिलं तर थोडं पाणी घालून हलवून ते पिऊन टाकायचं, नाहीतर मोजून घेतलेला डोस मोरीत जातो. दुधात, ताकात, वरणात सुद्धा चालतं, त्याला चव जवळजवळ नसतेच. फक्त ताकात किंवा लिंबूसरबतात कालवून रात्रभर ठेवू नका, आत्ताच सांगितलं ना, आंबट आणि पाणी. लगेच पिणार असाल तर काही बिघडत नाही. चव गोड लागली तर मात्र लेबल पुन्हा वाचा, त्यात आणखी काहीतरी मिसळलेलं आहे. पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर पावडरीचे खडे होतात. ओला चमचा घालायचा नाही, झाकण घट्ट, आणि डबा गॅसच्या ओट्यापासून लांब. कोकणातल्या मैत्रिणींनी मोठा डबा घेण्यापेक्षा शंभर ग्रॅमचा घ्यावा, थोडा महाग पडला तरी.

पहिल्या दोन आठवड्यांत वजनकाट्यावर अर्धा-एक किलो वाढलेलं दिसू शकतं. ते स्नायूंत धरलेलं पाणी, चरबी नव्हे. वहिनींनी तेवढ्यावरून बंद करायचं ठरवलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावरच त्यांच्या घरात दोन दिवस रडारड झाली. पावडर सुरू करून तीन महिने झाले होते. बीपीच्या नेहमीच्या तपासणीत रक्त दिलं. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.२. आधीच्या वर्षी ०.९ होतं. रिपोर्टवर तो आकडा ठळक छापलेला. भावजींनी घरी येऊन सांगितलं, किडनी गेली. लेक पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघाली. डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न विचारला, "आणखी काही घेता का?" वहिनींनी लाजत पावडरचं नाव सांगितलं. आत्तापर्यंत सांगितलंच नव्हतं, "ते काही औषध थोडंच आहे!" म्हणून.

क्रिएटिन स्नायूंत खर्ची पडलं की त्याचंच क्रिएटिनिन होतं, आणि ते किडनी बाहेर टाकते. जास्त क्रिएटिन खाल्लं तर किडनी ठणठणीत असली तरी रक्तातला हा आकडा थोडा चढू शकतो. डॉक्टरांनी महिनाभर पावडर बंद ठेवून पुन्हा रक्त घेतलं, लघवीही तपासली. आकडा परत ०.९ वर, लघवी साफ. शंका राहिलीच तर सिस्टॅटिन-सी नावाची दुसरी रक्ततपासणी असते, तिच्यावर क्रिएटिनचा असा परिणाम होत नाही. पण उलट बाजूही आहे. आकडा वाढला म्हणजे पावडरमुळेच, असं घरी बसून ठरवायचं नाही. ज्यांना आधीच किडनीचा त्रास आहे, मधुमेहानं किंवा बीपीनं किडनीवर परिणाम झालाय, त्यांनी डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय हे सुरूच करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मैत्रिणींनीही. बाकीच्यांनी सुरू करण्याआधी एकदा क्रिएटिनिन तपासून तो रिपोर्ट जपून ठेवावा. वहिनींकडे जुना रिपोर्ट नसता, तर त्या १.२ ची तुलना कशाशी करणार होते डॉक्टर?

लेकीला मी सगळा हिशेब फोनवर सांगितला. ती थोडी हिरमुसली, "मावशी, मला वाटलं आईला पावडर कालवायचा कंटाळा येईल, गमी तरी आवडीनं खाईल." तिचं तेही खरंच आहे. आवडीनं रोज खाल्लं जाणं यालाही किंमत आहे. फक्त त्या आवडीसाठी सहा-सात पट पैसे मोजायचे, आणि आत किती आहे याची खात्री नाही, हे मला पटत नाही. मी सांगितलं, घरी पावडर, प्रवासात कॅप्सूल, आणि गमी द्यायचीच असेल तर वाढदिवसाला, मिठाई म्हणून.

वहिनींनी डॉक्टरांना विचारून पावडर पुन्हा सुरू केलीय. चहाच्या त्या ३.४ च्या चमच्याला दांड्याशी लाल दोरा बांधलाय, म्हणजे सुनेनं चुकून साखरेत घालू नये. सकाळी वर्गाला जायच्या आधी कोमट पाण्याचा पेला, वर चमचा सपाट करून. गमीची रिकामी बरणी त्यांनी धुऊन घेतली. झाकण घट्ट बसतं, म्हणून आता त्यात ब्लाउजचे हूक ठेवतात.